कथेतलं वादळ काढून टाक

प्रिय मित्रा,

तुझी कथा वाचली. तीन तासांत परत येऊ म्हणून दुपारी एकला निघालेला तुझा ट्रेकर रात्री आठला पायथ्याशी पोचतो. एवढ्या उशिराचं कारण वाचकाला पटत नाही, म्हणून वादळ आणखी मोठं करू का, असं तू विचारतोस. अरे, वादळ काढूनच टाक! त्याचा उशीर पायथ्यावरच ठरला होता. आधी हिशोब कर, मग कथा लिही.

आकडे तुझेच घेऊ. जाऊन-येऊन बारा किलोमीटर, नऊशे मीटरची चढाई. तुझा ट्रेकर सपाट रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर चालतो, म्हणून बाराला अडीच तास आणि वर अर्धा तास सढळ हाताने, असं त्याचं गणित. त्यात डोंगर कुठे आहे? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा मांडला. आजच्या मापात सांगायचं तर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाईच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. म्हणजे तुझ्या वाटेला चालण्याचे जवळजवळ दोन तास पंचवीस मिनिटं आणि चढाईचा दीड तास. झाले की चार तास! तेही धडधाकट माणसाला, बरी वाट असताना, कुठेही न थांबता. तीव्र उतारावर वेळ वाचत नाही, उलट दर तीनशे मीटरला दहाएक मिनिटं वाढतात. पाणी, बुटाची नाडी, चुकलेला फाटा आणि मागे रेंगाळणारा सोबती धरले की पाच-सहा तास कुठेच गेले नाहीत. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असतो, हे तुझ्या कथेत एकदाही जाणवत नाही. तो सोबती तू फक्त संवादापुरता आणलास.

आता खरी जागा दाखवतो. दुपारी दोन वाजता तुझा ट्रेकर घड्याळ बघतो आणि तू एका ओळीत पुढे सरकतोस. तिथे थांब. तासाभरात ते दोन किलोमीटर आले आहेत आणि तीनशे मीटर चढले आहेत. नेस्मिथच्या हिशोबाने हा वेग ठीकच आहे, पण तुझ्या ट्रेकरच्या मनातल्या चार किलोमीटरच्या निम्माच. डोंगराने त्याला उत्तर दिलेलं आहे. अजून चार किलोमीटर आणि सहाशे मीटर बाकी, म्हणजे न थांबता चालले तरी माथ्यावर चार वाजणार. हा गुणाकार शाळेतल्या पोरालाही जमेल. पण तो म्हणतो, "अवघड चढ संपला, आता भरून काढू." तुझी कथा या वाक्यात आहे. उशीर कळतो, पण आपण तो वाटेच्या एका तुकड्यावर ढकलतो आणि उरलेल्या वाटेचा जुना अंदाज तसाच ठेवतो.

पुढचं सगळं आपोआप येतं. माथ्यावर साडेचार. पावणेपाचला उतरायला सुरुवात, गुडघे बोलू लागलेले, घसाऱ्यावर पाऊल जपून. सूर्य सव्वासहाला मावळतो तेव्हा दोन किलोमीटर उरले आहेत, आणि झाडीत टॉर्चच्या उजेडात त्याच दोन किलोमीटरना पावणेदोन तास लागतात. वाजले आठ. ढगाचा एक तुकडाही लागला नाही. म्हणून सांगतो, आधी हिशोब कर.

आणि परत फिरायची वेळ? ती तुझ्या कथेत नाहीच. अंधार सव्वासहाला धर, उतरायला दोन तास, हाताशी एक तास राखून ठेव, म्हणजे सव्वातीन. सव्वातीनला जिथे असशील तिथून मागे वळायचं. हे निघण्याआधी ठरवायचं, कारण माथा दिसायला लागल्यावर कुणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. मी गटांना माथ्याच्या अलीकडून परत फिरवलंय. लोक चिडले. काही जण पुन्हा माझ्याबरोबर आले नाहीत, त्यात एक माझा जवळचा मित्र होता. ते आजही लागतं. पण सव्वातीन म्हणजे सव्वातीन. समोर पन्नास मीटरवर माथा असला तरी मी आजही वळेन, आणि त्यासाठी कुणाची माफी मागणार नाही. तुझ्या कथेत हे म्हणणारं कुणी हवं. तो मागे रेंगाळणारा सोबतीच का नको? त्याने वेळ सांगावी आणि तुझ्या ट्रेकरने हसून ती उडवून लावावी.

सगळी कथा पुन्हा लिहायला बसू नकोस. फक्त दुपारी दोनचा प्रसंग लिही, दोन पानं. घड्याळ, झालेलं अंतर, उरलेली चढाई, आणि त्या दोघांचं बोलणं. शेजारी कागदावर प्रत्येक टप्प्याची वेळ मांडून ठेव आणि तो कागदही मला पाठव. मी आधी तोच बघणार आहे.

तुझा,
दादा