बिलावरची तारीख वाचली, पण ती पटण्यासारखी आहे का हे कसं तपासायचं?

प्रश्न: पुरवठादारांची बिलं स्कॅन करून ओसीआरने तारखा काढतो आणि तिमाही स्टेटमेंटशी जुळवतो. काही तारखा पुढच्या महिन्यातल्या येतात, काही दहा वर्षं जुन्या, काही स्टेटमेंटच्या मुदतीबाहेरच्या. आजच्या पुढची तारीख आली की बिल नाकारायचं, एवढा नियम पुरेसा आहे का?

उत्तर: नाही, आणि त्या नियमातली सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे 'आज'. तीच बिलं तीन महिन्यांनी पुन्हा चालवलीत, तर तेव्हा पुढच्या ठरलेल्या तारखा आता मागच्या होतात आणि निमूट आत येतात. तपासणीची वरची हद्द घड्याळावरून नव्हे, कागदावरून घ्या: बिल तुमच्याकडे ज्या दिवशी आलं ती आवक तारीख. मेलने आलं असेल तर मेलची तारीख, हातात आलं असेल तर आवक शिक्क्याची. नाइलाजाने घड्याळच वापरावं लागलं, तर सर्व्हर यूटीसीवर आहे का ते बघा. असेल तर पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो आणि आजचं खरं बिल 'भविष्यातलं' ठरतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. स्टेटमेंट १ एप्रिल ते ३० जून २०२५ चं आहे आणि सगळे कागद ४ जुलैला आले आहेत. बिल `25-26/0412` ची तारीख प्रोग्रामने ५ जुलै २०२५ अशी काढली. म्हणजे आवक तारखेच्या एक दिवस पुढे, म्हणून बिल अडलं. मूळ कागदावर `07/05/2025` आहे, म्हणजे ७ मे. दिवस आणि महिना उलटे झाले. पायथॉनमधल्या `dateutil` ला वेगळं सांगितलं नाही तर तो महिना आधी धरतो. पण पहिला आकडा १२ पेक्षा मोठा असला की न बोलता दिवस आधी धरतो. त्यामुळे महिन्याच्या १३ तारखेपासूनची सगळी बिलं बरोबर येतात आणि १ ते १२ तारखेची बिघडतात. तुमच्या चुका महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच साठलेल्या दिसल्या तर दोष ओसीआरचा नाही, तारीख वाचणाऱ्या ओळीचा आहे. तिथे अंदाजाला जागाच ठेवू नका:

```python
d = datetime.strptime(s, "%d/%m/%Y").date()
```

आता खरी अडचण. पुढचं एक बिल, `25-26/0431`. कागदावर `05/06/2025`, म्हणजे ५ जून. उलट वाचलं की ६ मे. दोन्ही तारखा तिमाहीच्या आत. भविष्यातली नाही, जुनी नाही, मुदतीबाहेरची नाही. तिन्ही नियम तिला पास करतात आणि तारीख मात्र चुकीची असते. ही चूक फक्त शेजाऱ्यांवरून कळते. `0430` ची तारीख ३० मे, `0432` ची १३ जून, आणि मधलंच ६ मेचं? जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचे क्रमांक ओळीने चालतात आणि आर्थिक वर्षात पुन्हा येत नाहीत, त्यामुळे एकाच पार्टीची एका मालिकेतली बिलं क्रमांकाने लावली की तारखाही पुढेच सरकायला हव्यात. जिथे तारीख मागे उडी मारते तिथे थांबून कागद बघा. दोन शाखांच्या दोन मालिका असतील तर त्या आधी वेगळ्या करा, नाहीतर निष्कारण शंका येत राहतील.

भविष्यातल्या तारखांचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे चुकीच्या रकान्यातली तारीख उचलणं. `0455` ला २० जुलै आली. बिल २० जूनचं आहे, खाली '३० दिवस उधारी' छापलंय, आणि प्रोग्रामने देय तारीखच बिलाची तारीख समजून घेतली. नाकारलेली तारीख वजा उधारीचे दिवस केल्यावर मुदतीत बसणारा दिवस मिळाला, तर हेच झालंय असं बहुतेक वेळा समजा. पण त्या हिशोबावरून तारीख आपोआप बदलू नका. कागदावर छापलेली तारीख पुन्हा वाचून घ्या.

जुन्या तारखांसाठी 'दहा वर्षं' असा मोघम आकडा नको. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर १ जुलै २०१७ च्या आधीची तारीख असूच शकत नाही, कारण जीएसटी त्या दिवशी सुरू झाला. ती हद्द पक्की. `2025` मधला दुसरा २ हा १ वाचला गेला की २०१५ येतं, ते इथे अडतं. १ जानेवारी १९७० किंवा १९०० सालातली तारीख दिसली तर वाचन चुकलेलं नाही, रकाना रिकामा होता आणि शून्याची तारीख झाली. त्यानंतरची दुसरी हद्द कामाच्या हिशोबाने ठरते: एखाद्या आर्थिक वर्षाच्या बिलावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी येईल तोवर घेता येतं. त्याही मागचं बिल खरं असू शकतं, पण ते माणसाने बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुदतीबाहेरच्या तारखांना मात्र सरसकट नाकारू नका. आधी स्टेटमेंट कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. व्यवहारांचा खातेउतारा असेल तर १ एप्रिलच्या आधीचं सगळं सुरुवातीच्या बाकीत एकत्र आलेलं असतं, आणि २८ मार्चचं बिल वेगळ्या ओळीत दिसलं तर शंका रास्त आहे. थकबाकीची यादी असेल तर तेच २८ मार्चचं बिल तिथे असायलाच हवं, कारण ते अजून भरलेलं नाही. त्याचा क्रमांक `24-25` ने सुरू होतोय का ते पाहा. होत असेल तर तारीख आणि मालिका एकमेकांना दुजोरा देतात. थकबाकीच्या यादीला मुदतीची खालची हद्द लावूच नका, फक्त वरची ठेवा. आणि ३१ मार्चच्या आसपास मुद्दाम १ एप्रिल घालून आधीच पाठवलेली बिलं येतात, म्हणून 'पुढची तारीख' हाही निकाल नव्हे, थांबवण्याचं कारण आहे.

म्हणून फंक्शनने हो-नाही न सांगता कारण सांगावं:

```python
def check(d, received, start, end, open_items):
    if d < date(2017, 7, 1):
        return "IMPOSSIBLE"
    if d > received:
        return "FUTURE"
    if d > end:
        return "AFTER_PERIOD"
    if d < start and not open_items:
        return "BEFORE_PERIOD"
    return "OK"
```

`OK` आणि `IMPOSSIBLE` सोडून बाकी सगळं नाकारलेल्यात नव्हे, थांबवलेल्यात टाका. `AFTER_PERIOD` वेगळं ठेवण्याचं कारण आहे: ते बिल पुढच्या तिमाहीचं म्हणून परस्पर बाजूला गेलं तर `0412` सारखीच उलटलेली, पण आवक तारखेच्या आत बसणारी तारीख तिथे तीन महिने पडून राहील आणि या तिमाहीचा ताळमेळ तेवढ्या रकमेने चुकेल.

ई-इनव्हॉइस असेल तर ओसीआरच्या आधी क्यूआर कोड वाचा. त्यात बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम सहीसकट असते. त्यातच आयआरएन मिळाल्याची तारीखही असते, ती बिलाची समजू नका. बिलाची तारीख `DocDt` मध्ये असते. क्यूआर नसलेल्या बिलांसाठी, काढलेली तारीख साठवताना कागदावरचा मूळ मजकूर जसाच्या तसा आणि त्या कोपऱ्याचं चित्रही शेजारी ठेवा. तपासणाऱ्याला अख्खं बिल उघडावं न लागता `07/05/2025` समोर दिसलं, तर एका नजरेत निकाल लागतो.