पर्म्युटेशन की कॉम्बिनेशन, कसं ओळखायचं?

प्रश्न: पर्म्युटेशन कधी आणि कॉम्बिनेशन कधी? गणित वाचून कळतच नाही.

उत्तर: निवडलेल्या दोघांची अदलाबदल करून बघ. निकाल बदलला तर पर्म्युटेशन, नाहीतर कॉम्बिनेशन. ‘निवडा’ या शब्दावर जाऊ नकोस, तो दोन्हीकडे येतो.

7 जणांतून एक अध्यक्ष, एक सचिव: 7 × 6 = 42. त्याच 7 जणांतून वर्गणी गोळा करायला नुसते दोघे हवे असतील, तर सई-ओम आणि ओम-सई ही एकच जोडी. प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली, म्हणून 42 ÷ 2 = 21.

मार्क जातात ते पुढच्या गणितात. 4 मुलगे, 3 मुली. तिघांची समिती, किमान एक मुलगी हवी. बरेच जण आधी एक मुलगी घेतात (3 प्रकारे), मग उरलेल्या 6 जणांतून दोघे (15 प्रकारे), आणि लिहितात 45. पण तेच तिघे 6 क्रमांनी मोजले जातात, म्हणून अट नसतानाही समित्या होतात (7 × 6 × 5) ÷ 6 = 35 च! घोळ असा: आधी सई, मग रमा-ओम, किंवा आधी रमा, मग सई-ओम. समिती तीच, मोजली दोनदा. क्रम गुपचूप आत शिरला. त्यापेक्षा 35 मधून फक्त मुलग्यांच्या 4 समित्या वजा कर: 31.