टोमणा मारताना आपण आधी मान देतो

प्रश्न: भावाशी भांडण झालंय. त्याच्या मेसेजला उत्तर लिहिलंय, पण फारच खोचक झालंय. बोलणं बंद न होता ते सौम्य कसं करू?

'तू'चं 'आपण' झालंय का ते आधी बघा. झालं असेल तर सगळं विष तिथंच आहे.

माझं सांगते. मागच्या वर्षी आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी सांगलीत आईजवळ, दादा पुण्यात. रजा कोणी किती काढायची यावरून फोनवर कडाक्याचं भांडण झालेलं. चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला: 'ड्रॉप्स वेळेवर घालतेयस ना? मागच्यासारखं नको.'

मी फोडणी टाकून तिथंच टाइप केलं: 'आपण पुण्याहून आठवण काढलीत, आम्ही धन्य झालो. आम्हाला कुठलं जमायला! आपणच येऊन घालावेत.' खाली हात जोडलेला इमोजी. (तोही टोमणाच, बरं का.) कांदा करपला म्हणून पाठवायचं राहिलं.

रात्री ते पुन्हा वाचलं. 'खाली बस, नीट लिही' असं स्वतःला म्हणून आधी सगळं पुसलं आणि लिहिलं, 'ठीक आहे. घालते.' हे तर आणखी वाईट. टोमणा गेला, पण तोंडावर दार आपटल्यासारखं झालं. मग जुनंच पुन्हा लिहून काढलं आणि फक्त 'आपण'च्या जागी 'तू' घातलं. 'तू आठवण काढलीस, आम्ही धन्य झालो' हे इतकं बावळट दिसायला लागलं की 'धन्य' आपोआप गेलं. 'आम्हाला कुठलं जमायला' याच्यामागं खरं काय होतं? त्याला माझा भरवसा वाटत नाही, हे लागलं होतं. तेच सरळ लिहिलं. 'आपणच'मधला 'च' काढला आणि हुकमाचा प्रश्न केला. शेवटी गेलं ते असं:

'दादा, दिवसातून सहा वेळा घालतेय, मोबाइलला गजर लावलाय. "मागच्यासारखं" वाचून राग आला. शनिवार-रविवार येशील का? मला दोन रात्री झोप हवीय.'

'शुक्रवारी रात्रीच निघतो,' एवढंच आलं. माफीबिफी नाही. पण आला, आणि येताना बाकरवडी घेऊन आला.

तक्रार गाळू नका, एक ठेवाच. सगळी गाळलीत तर ती पुढच्या दिवाळीत दुप्पट होऊन बाहेर येते. 'जाऊ दे, मोठा आहे' म्हणणाऱ्या मावश्यांचं तर अजिबात ऐकू नका.

आता हे आधी सांगायला हवं होतं: तुमच्या घरी थोरल्या भावाला 'तुम्ही'च म्हणत असतील तर उलटं बघा, 'तू' शिरलाय का. आणि भांडण घराच्या वाटणीचं असेल तर मेसेजवर काहीच लिहू नका, समोर बसा.

बाकी मागच्या वेळी ड्रॉप्स चुकले ते एकच दिवस. त्या दिवशी आईला हळदीला कोण घेऊन गेलं होतं, आणि बाटली फ्रीजमध्येच कोण विसरलं होतं, हे दादाला विचारा.