व्हॅक्यूम का उतरला? कंडेन्सरबद्दल वाचकांचे प्रश्न

आमच्या कंडेन्सरमध्ये पाणी दोन पासमध्ये फिरतं. सूत्र काउंटरफ्लोचं लावायचं की आणखी कुठलं?

कुठलंही लावा, उत्तर एकच येईल. वाफेचं पाणी होताना तिचं तापमान जवळपास हलत नाही, म्हणून तिचा उष्णताक्षमता दर अनंत धरतात. वाफेच्या बाजूला सगळीकडे सारखंच तापमान असेल, तर पाणी कुठल्या टोकाने शिरलं याने फरक पडत नाही. सगळी सूत्रं ε = 1 − e^(−NTU) इथेच येऊन मिळतात. यात NTU = UA/C, आणि C फक्त पाण्याचा.

व्हॅक्यूम उतरलाय. ट्यूबवर थर बसलाय की पाणी कमी पडतंय, हे युनिट बंद न करता कसं ओळखायचं?

पाण्याच्या तापमानातली वाढ आणि इफेक्टिव्हनेस, दोन्ही वेगवेगळी बघा. समजा, निरपेक्ष दाब ०.१ बार आहे, म्हणजे वाफ सुमारे ४५.८ अंशांवर आहे. पाणी ३० अंशांवर आत जातं आणि ३९ ला बाहेर येतं. ε = ९/१५.८ = ०.५७, म्हणून NTU ०.८४.

आता थर बसून UA २० टक्क्यांनी घटला. NTU ०.६७ आणि ε ०.४९ झाला. टरबाइनवर लोड तोच आणि पाणीही तेवढंच, म्हणून वाढ ९ अंशच राहील. तेवढी उष्णता न्यायला वाफेलाच ३० + ९/०.४९, म्हणजे सुमारे ४८.४ अंशांवर चढावं लागतं, आणि दाब ०.११४ बारच्या आसपास जातो. लोड तोच असताना वाढ तशीच राहून ε घसरला, तर दोष UA मध्ये आहे. वाढच जास्त झाली, तर पाणी कमी पडतंय.

मात्र UA घटला म्हणजे थरच, असं लगेच ठरवू नका. आत शिरलेली हवाही तेच करते. कंडेन्सेटचं तापमान त्या दाबाच्या संपृक्त तापमानापेक्षा बरंच खाली असेल, तर आधी गळती शोधा.

एक पंप बंद असताना ε वाढलेला दिसला, तरी व्हॅक्यूम बिघडला. असं कसं?

पाणी २० टक्क्यांनी कमी झालं की C घटतो, NTU चढतो आणि त्यासोबत ε देखील. UA तोच धरला तर ε ०.६५ येतो. पण वाढ ११.२५ अंश झालेली असते, म्हणून वाफ ४७.३ अंशांवर जाते. प्रत्यक्षात ट्यूबमधला वेग कमी झाल्याने U सुद्धा उतरतो, त्यामुळे व्हॅक्यूम याहून वाईट दिसेल. ε हा फक्त शक्य त्यातला मिळालेला वाटा आहे. पाणी वेगवेगळं असलेल्या दोन दिवसांची तुलना त्यावर करू नका. UA काढा आणि तो ताडून पाहा.

वेस्ट हीट बॉयलरलाही हेच चालेल का?

इव्हॅपोरेटरला चालेल, तिथे C गरम वायूचा. इकॉनॉमायझर आणि सुपरहीटर मात्र वेगळे काढा, कारण तिथे पाण्याचं किंवा वाफेचं तापमान बदलतं.