गझलेत रवी कसा ओळखायचा? शेवटचं अक्षर म्हणजे रवी नव्हे

प्रश्न: उर्दू गझलेत काफिया आणि रदीफ मला कळतात, पण 'हर्फ-ए-रवी' म्हणजे काय? त्याचे नियम काय, आणि एखादी गझल समोर आली तर तो कसा शोधायचा?

काफियाच्या मूळ शब्दाचं शेवटचं अक्षर म्हणजे रवी. सगळी गोम 'मूळ' या शब्दात आहे. ओळीचं शेवटचं अक्षर रवी नसतं, आणि कित्येकदा काफियाचं शेवटचं अक्षरही रवी नसतं.

गालिबच्या दीवानातली पहिलीच गझल घेऊ. तिचा मतला, म्हणजे पहिला शेर, असा:

नक्श फरियादी है किसकी शोखी-ए-तहरीर का
कागजी है पैरहन हर पैकर-ए-तस्वीर का

दोन्ही ओळी शेवटाकडून मागे वाचत या. 'का' दोन्हीकडे जसाच्या तसा आहे, म्हणजे ती रदीफ. ती झाकून टाका. आता उरले 'तहरीर' आणि 'तस्वीर'. दोन्ही पूर्ण शब्द आहेत, त्यांना वरून काही चिकटलेलं नाही. म्हणून त्यांचं शेवटचं अक्षर 'र' हाच रवी. त्याच्या आधी दोन्हीकडे दीर्घ 'ई' आहे. रवीच्या लगेच आधी येणाऱ्या अशा दीर्घ स्वराच्या अक्षराला 'रिद्फ' म्हणतात, आणि तोही गझलभर सांभाळावा लागतो. थोडक्यात, या मतल्याने कवीला 'ईर'मध्ये बांधून टाकलं.

आता पडताळा. पुढच्या प्रत्येक शेराची फक्त दुसरी ओळ बघायची, कारण मतल्यानंतर काफिया तिथेच येतो. तिथे अनुक्रमे शीर, शमशीर, तक्रीर आणि मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, जंजीर मिळतात. चारही ठिकाणी 'ईर' शाबूत आहे. इथे 'नूर' किंवा 'यार' चालला नसता. र जुळला तरी रिद्फ मोडला असता.

एक गंमत सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. उर्दू दीवान अक्षरवार लावलेले असतात, आणि ही गझल अलिफच्या विभागात येते. का? तर ओळ 'का'ने संपते आणि उर्दू लिपीत त्याचं शेवटचं अक्षर अलिफ आहे. म्हणजे दीवानाची मांडणी ओळीच्या शेवटच्या अक्षरावर, आणि रवी मात्र आत लपलेला 'र'. अरबी कसीद्यात रदीफ नसते, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. अख्खी कविता एकाच रवीवर चालते आणि अनेकदा त्याच अक्षराने ओळखली जाते. जुना अरबी कवी शन्फरा याची 'लामिय्या' म्हणजे लाम या अक्षरावर रचलेली कविता.

रवीच्या आधी दीर्घ स्वर नसेल तर काय? मग आधीचा ऱ्हस्व स्वर सांभाळायचा. उर्दूत 'दिल' आणि 'गुल' हे दोन्ही शब्द दोनच अक्षरांत लिहितात, शेवटी लाम आहे, ऱ्हस्व स्वर लिहिलाच जात नाही. कागदावर पाहिलं तर जुळल्यासारखं वाटतं, पण काफिया म्हणून ही जोडी बाद. एकात 'इ' आहे, दुसऱ्यात 'उ'. आपण देवनागरीत वाचतो म्हणून हा दोष आपल्याला चटकन दिसतो. उलट दुसरी एक गोष्ट देवनागरीत साफ बुजते. 'खास'मधला स आणि 'पास'मधला स उर्दूत वेगवेगळी अक्षरं आहेत, साद आणि सीन. जुने उस्ताद अशी जोडी नाकारतात, कारण रवी हे अक्षर आहे, नुसता आवाज नव्हे. हल्ली आवाजावर जुळवलेला काफिया चालवून घेतात. माझं मत विचाराल तर कानाला जे जुळतं ते चालावं, पण जुन्या कवीचा काफिया तपासताना ही सवलत गृहीत धरू नका.

आता खरी अडचणीची जागा, प्रत्यय. इथे मराठीतलेच शब्द घेतो म्हणजे पटकन कळेल. मतल्यात 'करतो' आणि 'भरतो' आले. 'तो' हा प्रत्यय आहे, तो बाजूला काढा. कर आणि भर उरले, ते आपसात जुळतात. म्हणजे रवी 'र', आणि 'तो' हा रवीमागून आलेला लवाजमा. पुढे ठरतो, सरतो, हरतो बेलाशक येतील. 'फिरतो' येणार नाही, कारण र असला तरी आधीचा स्वर 'इ' झाला.

पण मतल्यात 'करतो' आणि 'चालतो' आले तर? 'तो' काढला की कर आणि चाल उरतात, आणि त्यांच्यात जुळण्यासारखं काहीच नाही. जुळत होता तो फक्त प्रत्यय. या दोषाला 'ईता' म्हणतात. उर्दूत 'दोस्ती' आणि 'दुश्मनी' ही मतल्यातली जोडी तशीच: 'ई' काढा, दोस्त आणि दुश्मन उघडे पडतात. परीक्षा एवढीच, की दोन्हीकडून सारखा प्रत्यय सोलून काढल्यावर उरलेले शब्द यमक पाळतात का.

यालाही एक पळवाट आहे आणि ती शास्त्राला मान्य आहे. गालिबचाच 'दिल-ए-नादाँ तुझे हुआ क्या है, आखिर इस दर्द की दवा क्या है' हा मतला बघा. रदीफ 'क्या है', काफिये 'हुआ' आणि 'दवा'. 'हुआ'मधला आ क्रियापदाच्या रूपाचा आहे, पण 'दवा'मधला आ शब्दाचा स्वतःचा आहे. दोहोंपैकी एकात तरी रवी अस्सल असला की ईता लागत नाही. त्यामुळे इथे अलिफ हाच रवी ठरतो आणि पुढे माजरा, मुद्दआ, खुदा, हवा, वफा, दुआ असे शब्द मोकळेपणाने येतात. एवढ्या सैल काफियामुळेच ही गझल बोलल्यासारखी वाहते असं मला वाटतं.

मराठी गझलेत रवीचं नाव फारसं कोणी घेत नाही. सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'पासून आपल्याकडे 'अलामत' रुळली, म्हणजे यमकाच्या न बदलणाऱ्या अक्षरांआधीचा स्वर. त्यामुळे मराठीत नुसत्या प्रत्ययावर उभी यमकं सर्रास दिसतात. ती मराठीच्या रिवाजाने बघा, त्यांना लगेच ईताचा शिक्का मारू नका.

पुस्तकांत रवीच्या आधीची चार आणि नंतरची चार अशी अक्षरं नावानिशी दिलेली असतात, रवी धरून नऊ. पाठ करायची घाई नको. वाचकाला रिद्फ आणि रवीनंतरचं पहिलं अक्षर, ज्याला 'वस्ल' म्हणतात, एवढं पुरतं.

आणि कोणी सुटा शेर पाठवून 'यात रवी कोणता' विचारलं, तर आधी मतला मागा. सुट्या शेरात काफिया एकदाच येतो, मग रदीफ कुठे सुरू होते हेच ठरत नाही. मतला मिळत नसेल तर त्याच गझलेचे आणखी दोन शेर तरी घ्या आणि दुसऱ्या ओळी एकाखाली एक लिहून शेवटाकडून मागे या.