जंबो फ्रेम: लॉगिन होतं, डिस्क दिसते, आणि कॉपी लावली की अडकतं

प्रश्न: दोन्ही सर्व्हर आणि स्टोरेज, तिन्हीकडे एमटीयू ९००० केला. पिंग चालतो, आयस्कझी लॉगिन होतं, डिस्कपण दिसते. पण फाइल कॉपी करायला घेतली की सगळं थिजतं. सर्व्हर परत १५०० वर आणले की सुरळीत. मग जंबो फ्रेमचा उपयोग तरी काय, आणि चुकतंय कुठे?

उत्तर:

भाऊ, तुमचे सर्व्हर आणि स्टोरेज दोन्ही बरोबर आहेत. एमटीयू म्हणजे एका फ्रेममध्ये मावणारं सर्वांत मोठं पाकीट, बाइटांत; नेहमीचा १५००, आणि त्याहून मोठी ती जंबो फ्रेम. मधला स्विच, किंवा त्याचा एखादाच पोर्ट, अजून १५०० वर बसलेला आहे. तो मोठी फ्रेम टाकून देतो आणि कोणाला काही कळवत नाही.

आधी हे "न कळवणं" समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. रावेरहून केळी भरून निघालेला ट्रक वाटेत बुटक्या पुलाखाली अडकला, तर ड्रायव्हर निदान मालकाला फोन तरी करतो. राउटरचं तसं असतं. पॅकेट पुढे मावत नसेल तर तो पाठवणाऱ्याला आयसीएमपीने निरोप देतो, की बाबा, लहान पाठव. पण स्टोरेजच्या नेटवर्कमध्ये सहसा राउटर नसतो, नुसते स्विच असतात. साधा स्विच फ्रेमचे तुकडे करत नाही आणि मागे निरोपही देत नाही. त्याच्या मर्यादेपेक्षा फ्रेम मोठी आली, की ती गेली. पाठवणारा उत्तराची वाट बघत बसतो, तीच फ्रेम तेवढ्याच आकाराची पुन्हा पाठवतो, ती पुन्हा जाते.

आता सर्व्हर १५०० वर आणले की का चालतं? टीसीपी जोडणी सुरू होताना दोन्ही टोकं एकमेकांना सांगतात, की मला एका वेळी एवढाच डेटा दे. ९००० वाला ८९६० सांगतो, १५०० वाला १४६० सांगतो, आणि जो आकडा लहान तो दोघं पाळतात. म्हणजे एक टोक लहान असलं की टीसीपी स्वतःच सांभाळून घेतं. स्टोरेज ९००० वर असूनही चाललं ते म्हणूनच, फक्त जंबोचा फायदा शून्य. दोन्ही टोकं ९००० झाली की ८९६० ठरतं. स्विच मात्र या बोलण्यात नसतोच. त्याची मर्यादा त्याला कोणी विचारत नाही.

लॉगिन का होतं, तेही यातच आहे. जोडणीची पहिली पाकिटं, लॉगिनची देवाणघेवाण, "तू कोण" आणि "तुझी क्षमता किती" ही विचारणा, सगळं काहीशे बाइटांत उरकतं. १५०० च्या दारातून ते आरामात जातं. म्हणून डिस्क `lsblk` मध्ये अचूक आकारासह दिसते. मग सर्व्हर पार्टिशन टेबल वाचायला ४ केबी मागतो. स्टोरेज ते एकाच मोठ्या फ्रेममध्ये पाठवतं आणि पहिली अडचण इथे येते. डिस्क दिसते पण तिच्यावरची पार्टिशन दिसत नाहीत, असं कोणी सांगितलं की मी आधी एमटीयूच तपासतो.

धुळ्याच्या बाजूला एका सूतगिरणीत हे मी फार जवळून पाहिलं. दोन लिनक्स सर्व्हर, एक स्टोरेज, दोन स्विच, आणि मल्टिपाथ. म्हणजे प्रत्येक सर्व्हरकडून स्टोरेजकडे दोन वाटा, एक "अ" स्विचमधून आणि एक "ब" मधून. मे महिन्यात "ब" स्विचचा पॉवर सप्लाय उन्हाने गेला. तिथल्या इलेक्ट्रिशियनने त्याच मॉडेलचा नवा स्विच बसवला, केबली जशाच्या तशा लावल्या. जुन्याची सेटिंग कुणी लिहून ठेवली नव्हती, त्यामुळे नवा स्विच कंपनीतून आला तसा १५०० वर राहिला. संध्याकाळी हिशोबाचा बॅकअप सुरू झाला की सर्व्हर थबकायचा, थोड्या वेळाने चालायचा, परत थबकायचा. मी विचारलं, नव्या स्विचमध्ये काही बदललं का? तर उत्तर आलं, "भाऊ, बत्ती तं लागेल शे!" बत्ती खरंच लागलेली होती. लिंक दिवा तारेचं सांगतो, फ्रेमच्या आकाराचं नाही.

सर्व्हरच्या लॉगमध्ये हे दर थोड्या वेळाने येत होतं:

```
connection2:0: ping timeout of 5 secs expired, recv timeout 5 ...
connection2:0: detected conn error (1022)
```

हा `ping` आयस्कझीचा स्वतःचा आहे. नाडी बघावी तसा तो मधून मधून पाठवला जातो आणि असतो अगदी लहान. मग लहान असून तो का अडकतो? कारण तो त्याच टीसीपी जोडणीतून जातो, आणि टीसीपी माल क्रमानेच देतं. पुढची मोठी पाकिटं स्विचने गिळली की मागचं छोटं उत्तर आलं तरी रांगेत अडकून राहतं. पाच सेकंद संपली की सर्व्हर जोडणी तोडतो आणि नव्याने लॉगिन करतो. लॉगिन लहान असतं, म्हणून ते यशस्वी होतं. मग पुन्हा डेटा, पुन्हा खोळंबा.

मल्टिपाथनेही तिथे फसवलं. वाट जिवंत आहे का, हे तो ज्या तपासणीने बघतो ती, `tur`, स्टोरेजला नुसतं "तयार आहेस का" विचारते. त्यात डेटा नसतोच. त्यामुळे "ब" वाट पुन्हा पुन्हा `active ready running` दिसायची आणि कामही तिच्यावर पुन्हा पुन्हा टाकलं जायचं. एक वाट पूर्ण मेलेली असती तर त्या गिरणीला त्रास कमी झाला असता, कारण सगळं काम मुकाट "अ" वरून गेलं असतं.

हे पकडायला साधा पिंग पुरत नाही, तो ८४ बाइटांचा असतो. असा करा, आणि प्रत्येक वाटेवर, प्रत्येक सर्व्हरवरून वेगळा करा:

```
ping -M do -s 8972 -c 4 -I eth2 192.168.20.10
```

८९७२ का? त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर ९००० होतात. `-M do` म्हणजे तुकडे करू नको. हे विसरू नका. ते नसेल आणि तुमच्याच कार्डावर १५०० असेल, तर कर्नल पाकिटाचे तुकडे करून पाठवेल, उत्तर येईल, आणि जंबो चालतंय असं तुम्हाला वाटेल. विंडोजवर हेच `ping -f -l 8972` असं लिहितात.

उत्तर कसं येतं ते नीट वाचा. `message too long, mtu=1500` आलं तर पाकीट सर्व्हरच्या बाहेर पडलेलंच नाही, तुमच्याच कार्डावर १५०० आहे. काहीच न येता शंभर टक्के लॉस दिसला, आणि `-s 1472` ने उत्तर मिळालं, तर दोष पुढे आहे, स्विचमध्ये किंवा पलीकडच्या टोकाला. गिरणीत "अ" वाटेवर चारही उत्तरं आली, "ब" वर एकही नाही. मग "ब" स्विचवर पोर्टचे काउंटर बघितले. काही स्विचवर त्याला `giants` म्हणतात, काहींवर `oversize`. स्टोरेजकडून वाचन चालू असताना स्टोरेजच्या पोर्टवरचा आकडा वाढतो, लिहिताना सर्व्हरच्या पोर्टवरचा, कारण फ्रेम सहसा आत शिरतानाच टाकली जाते. हे काउंटर सगळ्याच स्विचवर नसतात, म्हणून मी पिंगवर जास्त भिस्त ठेवतो.

स्विचवर सेटिंग केल्यावरही एक अडचण हटकून येते, तिच्यावर माझे पूर्वी दोन दिवस गेले आहेत. सर्व्हरवरचा ९००० म्हणजे फक्त आयपी पाकीट. तारेवर त्याला इथरनेटचे १४ बाइट पुढे आणि तपासणीचे ४ मागे लागतात, म्हणजे ९०१८. व्हीलॅनचा टॅग असेल तर आणखी ४, म्हणजे ९०२२. काही स्विच तुमच्यासारखाच आयपीचा आकडा मागतात, काही पूर्ण फ्रेमचा. पूर्ण फ्रेम मोजणाऱ्या स्विचवर तुम्ही ९००० लिहिलं, तर दोन्हीकडे ९००० दिसतं आणि तरी पिंग जात नाही. तेव्हा आकार कमी करत जा. ८९५४ पर्यंत उत्तर आलं आणि ८९५५ ला थांबलं, तर बरोबर १८ चा फरक आहे, म्हणजे स्विच पूर्ण फ्रेम मोजतोय. ८९५० पर्यंतच उत्तर आलं आणि ८९५१ ला थांबलं तर २२ चा फरक, म्हणजे मध्ये टॅगपण आहे. म्हणून स्विचवर त्याला झेपेल तेवढा मोठा आकडा द्यावा, बऱ्याच स्विचवर तो ९२१६ असतो, आणि सर्व्हर-स्टोरेजवर ९००० ठेवावा. स्विचची मर्यादा मोठी असल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आणखी एक: काही स्विचवर ही सेटिंग पूर्ण स्विचला एकदाच देतात आणि रीबूट केल्याशिवाय ती लागू होत नाही. काहींवर प्रत्येक पोर्टला वेगळी द्यावी लागते, त्यात दोन स्विचांना जोडणारा पोर्ट हमखास राहून जातो. स्टोरेज आणि एक सर्व्हर त्याच स्विचवर असले तर चालतं, दुसरा सर्व्हर पलीकडे असला की अडकतं. तुमच्याकडे दोन स्विच असतील तर आधी तो पोर्ट बघा.

फायद्याचं विचारलंत म्हणून सांगतो. १५०० ला तारेच्या क्षमतेतला सुमारे ९५ टक्के भाग खरा डेटा असतो, ९००० ला सुमारे ९९. म्हणजे नुसत्या वेगात चार-पाच टक्के. खरी बचत पाकिटांच्या संख्येत आहे. १० गिगाबिटची तार पूर्ण भरली तर १५०० ला सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार फ्रेम, ९००० ला १ लाख ३८ हजार. ८ केबीचा डेटाबेस ब्लॉक सहाऐवजी एका फ्रेममध्ये जातो. हल्लीची कार्डं तुकडे करण्या-जोडण्याचं काम स्वतः करतात, त्यामुळे सर्व्हरच्या प्रोसेसरवरचा फरक पूर्वीएवढा दिसत नाही. १ गिगाबिटच्या नेटवर्कवर जुन्या फिरत्या डिस्क असतील आणि लहान-लहान वाचन-लेखन चालत असेल, तर वेळ डिस्कमध्येच जातो. तिथे मी १५०० वरच ठेवतो. मोठे बॅकअप आणि व्हर्च्युअल मशिनच्या हलवाहलवीला मात्र मी जंबो लावतो.

बदल करताना आधी सगळे स्विच, मग स्टोरेज, शेवटी एकेक सर्व्हर. मागे फिरायचं असेल तर उलट क्रमाने. स्टोरेजचा व्हीलॅन वेगळा ठेवा, त्यात कॅमेरे, यूपीएसचं कार्ड, प्रिंटर काही नको.

आत्ता तुम्ही एवढंच करा. सर्व्हर १५०० वरच राहू द्या, काम थांबवू नका. स्विचवर मर्यादा वाढवा. मग रात्री एकाच सर्व्हरची एक वाट मल्टिपाथमधून बाजूला काढून तिच्या कार्डावर ९००० द्या, आणि वरचा पिंग लावा. चारही उत्तरं आली तर त्या वाटेने पुन्हा लॉगिन करा, कारण जुनी जोडणी अजून १४६० च पाळत असते. पिंगचा निकाल आणि स्विचचं मॉडेल इथे टाका, मी बघतो.