‘स्वेअर’: शपथ की शिवी?

प्रश्न : “इंग्रजीत ‘स्वेअर’ म्हणजे शपथ घेणे आणि शिवी देणे हे दोन्ही कसे? आणि देवाच्या नावाची शिवी आज मवाळ वाटते, शरीरावरची मात्र झोंबते, असे का?”

संस्कृतातल्या ‘शप्’ या एकाच धातूपासून शाप आणि शपथ हे दोन्ही शब्द आले आहेत, कारण शपथ म्हणजे मुळात स्वतःवर ओढवून घेतलेला शापच होय. गळ्याची कातडी चिमटीत धरून ‘आईशप्पत’ म्हणणारे मूल, खोटे बोललो तर आईला काही होईल या भीतीने ‘सुटली म्हण’ असा हट्ट धरते, तेव्हा तो जुना अर्थ अजून जिवंत असतो.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ख्रिस्ताच्या जखमांची किंवा रक्ताची शपथ उगाच घेतली, तर त्याचे शरीर पुन्हा फाडले जाते, असे धर्मोपदेशक सांगत; म्हणजे उगाच घेतलेली शपथ हीच शिवी ठरे. ‘गॉड्स वून्ड्स’चे ‘झाउन्ड्स’ आणि ‘गॉड्स ब्लड’चे ‘स्ब्लड’ झाले, ते देवाचे नाव तोंडातच गिळण्यासाठी. १६०६ मध्ये रंगभूमीवर देवाचे नाव थट्टेने घेणाऱ्यास दहा पौंड दंड ठरवणारा कायदा झाला. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या १६२२ च्या छापील प्रतीत इयागो पहिल्याच बोलण्यात ‘स्ब्लड’ म्हणतो. त्याच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात तोच शब्द गाळलेला आहे आणि वाक्य नुसते ‘पण तुम्ही ऐकूनच घेणार नाही’ एवढेच उरले आहे. कायदा रंगमंचावरच्या उच्चाराला होता, छपाईला नव्हता, म्हणून दोन प्रतींत हा फरक दिसतो.

त्याच इंग्लंडमध्ये शरीराचे शब्द मात्र उघड्यावर होते. तेराव्या शतकातल्या ऑक्सफर्डमधील एका गल्लीच्या नावातच स्त्रीच्या जननेंद्रियाचा आज अत्यंत अर्वाच्य मानला जाणारा शब्द होता, आणि १४०० च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या ग्रंथातही तो साधेपणाने लिहिला जाई. एकाच खोलीत सारे घर झोपत असे, तेथे शरीर लपवण्याजोगे नव्हते. पुढे तिथल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने चर्चमधल्या प्रसादाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर प्रत्यक्ष असते ही श्रद्धा नाकारली आणि शपथेखालचा आधार सरकला. दुसरीकडे वेगळ्या खोल्या आल्या, देहधर्म दाराआड गेले आणि त्यांचे शब्दही. माझ्या मते शिवीचे बळ शब्दात नसून समाज जे झाकतो त्यात असते, आणि झाकण्याची जागाच बदलली.

मात्र श्रद्धा गेली की शब्द लगेच बोथट होतो, असे समजू नये. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९६० पर्यंत शाळा आणि रुग्णालये बहुतांशी चर्चच्या हाती होती, आणि तिथल्या फ्रेंचमधली जहाल शिवी ‘ताबारनाक’ ही पवित्र प्रसाद ठेवण्याच्या पेटीचे नाव आहे. चर्चमध्ये पाऊल न टाकणारी आजची पिढीही रागाच्या भरात तोच शब्द उच्चारते.